व्यायाम थांबवल्यावर वाढलेले वेगवान तंतू: कोपनहेगनमधल्या नऊ जणांचं प्रकरण

इसवी सन 2000 मध्ये येस्पर अँडरसन आणि पेर ऑगार्ड या डॅनिश संशोधकांनी नऊ तरुणांच्या मांडीच्या स्नायूचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. हे नऊ जण बैठ्या सवयीचे होते. त्यांनी तीन महिने जड वजनाचा व्यायाम केला आणि पुढचे तीन महिने तो पूर्ण थांबवला. सुरुवातीला, व्यायामाच्या शेवटी आणि विश्रांतीच्या शेवटी असे तीनदा मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या व्हॅस्टस लॅटरॅलिस स्नायूतून सुईने तुकडे काढले आणि त्यात मायोसिन या स्नायू आखडवणाऱ्या प्रथिनाचा कोणता प्रकार किती आहे ते मोजलं.

सगळ्यात वेगवान प्रकाराचं, म्हणजे टाइप २एक्सचं, मायोसिन सुरुवातीला सरासरी 9.3 टक्के होतं. व्यायामानंतर ते 2.0 टक्क्यांवर आलं. व्यायाम थांबवून तीन महिने झाल्यावर ते 17.2 टक्के झालं, म्हणजे मूळ पातळीच्या जवळपास दुप्पट. मधल्या टाइप २एचं प्रमाण व्यायामाने 42.4 वरून 49.6 टक्क्यांवर गेलं होतं. संथ टाइप १ मात्र व्यायामाने हललाच नाही, तो 48 टक्क्यांच्या आसपासच राहिला.

परीक्षेत बहुतेक विद्यार्थी लिहितात की वजनं उचलल्याने ‘फास्ट’ तंतू वाढतात आणि पळण्याने ‘स्लो’ तंतू वाढतात. वरचे आकडे या वाक्याच्या सरळ विरोधात जातात. जड वजनाने सर्वांत वेगवान मायोसिन जवळजवळ नाहीसं केलं आणि आळसाने ते परत आणलं, तेही व्याजासकट. असं का होतं हे कळायला आधी मायोसिनचं डोकं नेमकं काय करतं ते पाहावं लागेल, कारण तंतूचा ‘प्रकार’ शेवटी त्या डोक्याच्या एका सवयीवर ठरतो.

डोक्याचं चक्र आणि वेग ठरवणारी पायरी

स्नायूतंतूच्या सर्वांत लहान आखडणाऱ्या एककाच्या, म्हणजे सार्कोमिअरच्या, मधोमध मायोसिनचा सुमारे 1.6 मायक्रोमीटर लांबीचा जाड तंतुक असतो. त्यातून बाहेर डोकावणारी डोकी दोन्ही बाजूंच्या ॲक्टिनच्या पातळ तंतुकांना पकडून मध्याकडे ओढतात. एका चक्रात डोक्याच्या चार अवस्था येतात.

एटीपी डोक्याला चिकटतं तेव्हा डोकं ॲक्टिन सोडतं. मग त्या एटीपीचं विघटन होतं, एडीपी आणि फॉस्फेट दोन्ही डोक्यातच राहतात, आणि डोकं ताणलेल्या स्थितीत उभं राहतं. ॲक्टिनवर जागा मोकळी असेल तर ते आधी सैल पकडतं आणि फॉस्फेट बाहेर पडताच घट्ट पकडून झुकतं. हाच बलाघात. एका बलाघातात ॲक्टिन साधारण 5 ते 10 नॅनोमीटर सरकतं आणि मिळणारं बल काही पिकोन्यूटन असतं. शेवटी एडीपी बाहेर पडतो आणि डोकं रिकामं होऊन ॲक्टिनला घट्ट चिकटून राहतं. नवं एटीपी आलं तरच ते सुटतं. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं ते याच पायरीवर अडकल्यामुळे.

‘एटीपीमुळे बलाघात होतो’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत फार दिसतं आणि ते चुकीच्या जागी बोट ठेवतं. एटीपी चिकटल्यावर पकड सुटते. त्याच्या विघटनातून डोकं ताणलं जातं. झुकण्याची वेळ फॉस्फेट सुटण्याशी बांधलेली आहे. हा क्रम पक्का नसेल तर तंतूंच्या प्रकारांतला फरक समजणारच नाही, कारण तो फरक शेवटच्या पायरीत आहे.

ती पायरी म्हणजे एडीपीचं बाहेर पडणं. ओझं नसताना तंतू किती वेगाने आखडेल हे झुकून झालेलं डोकं किती लवकर सुटतं यावर ठरतं. उशिरा सुटणारं डोकं पुढे सरकणाऱ्या ॲक्टिनला मागे धरून ठेवतं. टाइप १ चं मायोसिन एडीपी बराच वेळ सोडत नाही, २एचं लवकर सोडतं आणि २एक्सचं त्याहून लवकर. माणसाच्या मांडीतले एकेकटे तंतू वेगळे काढून 12 अंश सेल्सिअसला मोजले तर ओझ्याशिवायच्या वेगाचं प्रमाण ढोबळमानाने एकास चारास नऊ असं येतं. तापमान वाढलं की तिन्ही वेग वाढतात आणि हे गुणोत्तरही तंतोतंत तेच राहत नाही. म्हणून हे आकडे लिहाल तिथे तापमानही लिहा.

बलाचं चित्र मात्र असं नाही. प्रति चौरस मिलिमीटर बलात तिन्ही प्रकारांत फरक थोडासाच आहे. स्थिर आखडण्याचं बल एका क्षणी किती डोकी पकडून आहेत यावर ठरतं, ती किती वेगाने चक्र फिरवतात यावर नाही. संथ मायोसिन एकदा पकडलं की बराच वेळ धरून ठेवतं, त्यामुळे तेवढंच बल तेवढाच वेळ टिकवायला त्याला एटीपी कितीतरी कमी लागतं. मान आणि पाठीच्या स्थिती सांभाळणाऱ्या स्नायूंना हेच परवडतं. २एक्सचं गणित उलटं आहे. ते वेग देतं आणि त्याची किंमत एटीपीत वसूल करतं.

कॅल्शियमची बाजूही प्रकारानुसार बदलते, पण इथे ती थोडक्यात पुरे. टी-नलिकेतला विद्युत्‌दाब ओळखणारा डायहायड्रोपिरिडिन ग्राही शेजारच्या रायनोडिन वाहिनीला यांत्रिकपणे उघडतो. पेशीद्रवातलं मुक्त कॅल्शियम 0.1 मायक्रोमोलरच्या आसपास असतं, ते दहापट किंवा अधिक वाढतं, ट्रोपोनिन-सीला चिकटतं आणि ट्रोपोमायोसिन बाजूला सरकून डोक्यांसाठी जागा मोकळी होते. वेगवान तंतूत कॅल्शियम परत खेचणारा पंप सर्का-१ प्रकारचा असतो आणि तो भरपूर असतो. संथ तंतूत सर्का-२ए असतो आणि संख्येनेही कमी. म्हणून वेगवान तंतू आखडतोही लवकर आणि सैलही लवकर पडतो. ‘फास्ट’ हा शब्द दोन्ही टोकांना लागू आहे, हे विद्यार्थी विसरतात.

नऊ जणांच्या मांडीत काय झालं

आता मूळ प्रश्नाकडे. बैठ्या माणसाच्या मांडीत २एक्स मुळात असतंच का?

एक चेतापेशी आणि ती हलवते ते तंतू मिळून एक चालक एकक होतं. मेंदू अशी एककं निवडताना लहान चेतापेशींपासून सुरुवात करतो आणि बळाची गरज वाढेल तसा मोठ्या चेतापेशींकडे जातो. हेन्नेमनचं आकारतत्त्व ते हेच. चालणं, जिने चढणं, खुर्चीतून उठणं यात २एक्सच्या मोठ्या एककांची पाळी क्वचित येते. त्या तंतूंचा दिवस जवळजवळ निवांत जातो. क्वचित वापरल्या जाणाऱ्या तंतूत २एक्स मायोसिनचं जनुक चालू राहतं. पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांच्या मांडीत कालांतराने २एक्स मोठ्या प्रमाणात वाढतं, ते याच कारणाने. म्हणजे माणसाच्या मांडीत २एक्स ही बव्हंशी न वापरण्याची खूण आहे. तिला धावपटूचा दागिना समजण्याची घाई करू नये.

जड वजन उचललं की मोठ्या एककांनाही कामाला लागावं लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी काही मिनिटं का होईना, त्या तंतूंत कॅल्शियम वारंवार वाढतं. हे वाढलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिनमार्फत कॅल्सिन्युरिन हे फॉस्फेट काढणारं विकर जागं करतं. ते एनएफएटी या प्रथिनावरचा फॉस्फेट काढतं, एनएफएटी केंद्रकात शिरतं आणि कोणतं मायोसिन-जनुक चालू ठेवायचं यात ढवळाढवळ करतं. हा एकच मार्ग आहे असं नाही, ऊर्जेच्या टंचाईची जाणीव देणारं एएमपीके वगैरे इतर मार्गही भाग घेतात. निकाल मात्र ठरलेला: २एक्सचं जनुक मंदावतं आणि २एचं चढतं. माणसात ही दोन्ही जनुकं, एमवायएच१ आणि एमवायएच२, 17 व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली आहेत. टाइप १ चं जनुक एमवायएच७ दूर 14 व्या गुणसूत्रावर आहे.

हा बदल किती लवकर सुरू होतो? स्टॅरन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये आठ आठवड्यांचा जड व्यायाम तपासला. सर्वांत वेगवान तंतूंचं प्रमाण स्त्रियांत दोन आठवड्यांत आणि पुरुषांत चार आठवड्यांत घटलेलं दिसलं. तंतू जाड झाल्याचं मोजता येण्याआधीच त्यांचा प्रकार बदलू लागतो, हे या निष्कर्षातलं खरं मोलाचं आहे. (त्या काळातल्या माणसांवरच्या लेखांत या तंतूंना २बी म्हटलेलं आढळेल. पुढे कळलं की माणसाच्या हातापायांतले ‘२बी’ तंतू उंदराच्या २एक्सच्या जोडीचं मायोसिन बनवतात आणि खरं २बी प्रथिन त्यात सापडत नाही. जुना लेख वाचताना २बी दिसलं की मनात २एक्स वाचायचं.)

टाइप १ का हलला नाही? संथ आणि वेगवान यांच्यातली सीमा ओलांडायला याहून फार मोठा रेटा लागतो. बुलर आणि एकल्स पिता-पुत्रींनी 1960 मध्ये मांजरांत संथ आणि वेगवान स्नायूंच्या नसा आपसात बदलल्या तेव्हा स्नायूंचा स्वभाव पालटला. साल्मन्स आणि व्रबोवा यांनी 1969 मध्ये सशांच्या वेगवान स्नायूच्या नसेला सुमारे 10 हर्ट्झने आठवडेच्या आठवडे उद्दीपन दिलं आणि तो संथ होत गेला. जिममधले तीन महिने या मानाने किरकोळ आहेत. वजन उचलणारा तरुण दिवसाचे तेवीस तास त्याच्या जुन्याच चेता-आदेशांवर जगत असतो.

जाडी आणि प्रकार: दोन वेगळे निर्णय

या प्रकरणातून विद्यार्थ्याने एक गोष्ट उचलायची असेल तर ती अशी, की तंतू किती जाड व्हावा आणि तो कोणत्या प्रकारचा असावा हे स्नायू स्वतंत्रपणे ठरवतो. जाडी मुख्यतः एमटॉर या पेशीतल्या संदेशमार्गाने वाढणाऱ्या प्रथिननिर्मितीवर अवलंबून असते. प्रकार ठरतो कोणतं मायोसिन-जनुक चालू आहे यावर. व्यायामाने वेगवान तंतू जाड झाले आणि त्याच वेळी त्यातला २एक्सचा वाटा घसरला. व्यायाम थांबल्यावर जाडी पुन्हा उतरली, पण २एक्स मूळ पातळी ओलांडून वर गेलं. दोन्ही एकाच बटणावर चालत असते तर दोन्ही मूळ जागी थांबले असते.

टक्क्यांचा घोळही इथेच होतो. हिशोब दाखवण्यापुरते गोल आकडे घेऊ. समजा एका छेदात शंभर तंतू आहेत, पन्नास टाइप १ आणि पन्नास टाइप २. टाइप १ च्या प्रत्येक तंतूचा छेद 4500 चौरस मायक्रोमीटर आणि टाइप २ चा 5000. वेगवान तंतूंचं एकूण क्षेत्र 2,50,000 आणि सर्वांचं मिळून 4,75,000 होतं, म्हणजे क्षेत्रात वेगवान वाटा 52.6 टक्के. आता टाइप २ चे तंतू 16 टक्के जाड झाले, टाइप १ तसेच राहिले. टाइप २ चा छेद 5800 झाला, त्यांचं क्षेत्र 2,90,000 आणि एकूण 5,15,000. वेगवान वाटा 56.3 टक्के. संख्येत मात्र प्रमाण अजूनही पन्नास-पन्नासच आहे.

एकही तंतू प्रकार बदलला नाही, तरी ‘वेगवान मायोसिन वाढलं’ असं लिहिता येईल आणि ते खोटंही ठरणार नाही. म्हणून कोणताही अभ्यास वाचताना पहिला प्रश्न हाच: टक्के तंतूंच्या संख्येचे, क्षेत्राचे की जेलवर विजेने पट्ट्यांत वेगळं करून मोजलेल्या मायोसिनचे? नऊ जणांचे वरचे आकडे जेलवरचे आहेत, म्हणजे त्यांत जाडीचा परिणाम आपोआप मिसळलेला आहे. तरीही २एक्स पाचव्या हिश्श्याच्या जवळ घसरलं. जाडी वाढून एवढी घसरण होऊच शकत नाही, तेव्हा इथे खरोखर जनुक बदललं आहे.

मोजताना काय बिघडतं

तुकडा काढण्यासाठी बर्गस्ट्रॉम सुई वापरतात. बधिरीकरण त्वचा आणि स्नायूवरच्या आवरणापर्यंतच देतात, स्नायूत औषध सोडत नाहीत, नाहीतर नमुना खराब होतो. तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये थेट बुडवण्याचा मोह होतो, पण तसं केलं की त्याभोवती वायूचा थर तयार होतो, गोठणं मंदावतं आणि तंतूंत बर्फाचे स्फटिक बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू चाळणीसारखे छिद्रं पडलेले दिसले तर इथेच चूक झाली असं समजावं. त्यासाठी आयसोपेंटेन द्रव नायट्रोजनने गार करून त्यात तुकडा गोठवतात आणि मग उणे 20 अंशाच्या आसपास 10 मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात.

रंगवण्याची जुनी पद्धत मायोसिनच्या एटीपीएजवर आधारलेली आहे. काप आधी ठरावीक सामूत ठेवायचे, मग एटीपी द्यायचं. सामू 10.3 ला टाइप १ फिकट आणि टाइप २ गडद दिसतात. 4.3 च्या आसपास हे उलटं होतं. 4.6 ला तिघे वेगळे पडतात: टाइप १ गडद, २ए पांढरट, २एक्स मधल्या छटेचा. सामू शून्य दशांश एकने जरी सरकला तरी २ए आणि २एक्स एकाच छटेत मिसळतात. एखाद्या दिवशी सगळ्याच नमुन्यांत २एक्स अचानक गायब झालं तर स्नायूवर निष्कर्ष काढण्याआधी सामूमापक पुन्हा प्रमाणित करून पाहावा.

जेलवर माणसाच्या मायोसिनच्या तीन पट्ट्या दिसतात: सर्वांत वर २ए, मग २एक्स, आणि बऱ्याच खाली टाइप १. वरच्या दोन पट्ट्या इतक्या जवळ असतात की जेल थोडा वेळच चालवली किंवा ती गरम झाली तर त्या एकमेकींत मिसळतात. नमुना जास्त भरला तर गडद पट्टी मोजमापाच्या मर्यादेबाहेर जाते आणि फिकट २एक्स पट्टीचा वाटा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. एकाच नमुन्याचे कमी-अधिक पातळ केलेले दोन-तीन भाग शेजारी चालवून प्रमाण तेच राहतं का हे पाहिल्याशिवाय टक्के लिहू नयेत.

शिवाय जेल तुकड्याची सरासरी सांगते. जेलवरचे 9 टक्के म्हणजे शंभरात नऊ शुद्ध २एक्स तंतू असतील, किंवा अनेक तंतूंत थोडं-थोडं २एक्स मिसळलेलं असेल. व्यायाम सुरू असताना आणि तो नुकताच थांबल्यावर असे मिश्र तंतू भरपूर असतात. जनुकाचा संदेश-आरएनए काही दिवसांत पालटतो, पण तंतूत आधीच बसलेलं मायोसिन बदलायला आठवडे लागतात. अशा तंतूत एका जनुकाचा संदेश आणि दुसऱ्या प्रकारचं प्रथिन एकत्र दिसतं. ही विसंगती बिघाड समजून वगळली तर बदल नेमका जिथे चालू आहे तोच भाग फेकला जातो.

मग स्पर्धेआधी व्यायाम थांबवायचा का?

हा आकडा कळल्याबरोबर खेळाडू आणि प्रशिक्षक हेच विचारतात. वाढलेलं २एक्स वेगाला खरंच उपयोगी पडतं का, हे त्याच गटाने 2005 मध्ये चौदा बैठ्या तरुणांवर तपासलं. तीन महिने व्यायाम आणि तीन महिने विश्रांती झाल्यावर २एक्स पुन्हा मूळ पातळीच्या वर गेलं होतं. मोकळा, ओझं नसलेला पाय झटकून सरळ करण्याचा वेग वाढलेला आढळला. पण व्यायामाने मिळवलेलं बल निघून गेलं होतं.

डोक्याच्या चक्राशी हे नीट जुळतं. ओझं नसताना एडीपी लवकर सोडणाऱ्या डोक्यांचा फायदा होतो. ओझं आलं की किती डोकी पकडून आहेत याला महत्त्व येतं आणि तिथे जाड तंतू जिंकतो. धावपटूचा पाय जमिनीवर असतो तेव्हा त्याच्यावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटणं हे तर पूर्णपणे भाराखालचं काम आहे. तिथे गेलेली जाडी आणि घटलेला चेता-आदेश २एक्सने भरून निघत नाही. तीन महिने बसून राहिलेला धावपटू मोकळा पाय वेगाने झटकेल आणि शर्यत हरेल.

स्पर्धेआधी व्यायामाचं प्रमाण काही आठवड्यांत उतरवत नेण्याची पद्धत याहून वेगळी आहे. तिथे उचलायची संख्या कमी करतात पण वजन जड ठेवतात, म्हणजे चेता-आदेश आणि जाडी टिकते आणि थकवा उतरतो. तिचं समर्थन २एक्सच्या उसळीने करणं मला ओढूनताणून वाटतं. बैठ्या तरुणांत ती उसळी तीन महिन्यांच्या पूर्ण विश्रांतीनंतर मोजली गेली. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्या खेळाडूला दोन-तीन आठवड्यांत तेवढीच उसळी मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही.

एकाच खेळाडूच्या एका तुकड्यावरून सल्ला देण्याचा मोहही टाळावा. एका व्हॅस्टस लॅटरॅलिसमध्येही खोलीनुसार टाइप १ चं प्रमाण बदलतं, साधारणपणे आतल्या भागात ते जास्त असतं. पहिला तुकडा दोन सेंटिमीटर खोल आणि पुढचा तीन सेंटिमीटर खोल घेतला तर व्यायामाचा काहीही परिणाम न होता आकडे हलतात. नऊ जणांच्या सरासरीत हा गोंधळ बराचसा एकमेकांत विरतो, एका माणसात विरत नाही. म्हणून त्याच मांडीत, जुन्या व्रणापासून थोडं दूर, त्याच खोलीवर सुई लावतात आणि निदान काही शे तंतू मोजल्याशिवाय प्रमाण लिहीत नाहीत.